प्रत्येक प्रकारात सुधारणा, तरी चॅनेलचा आकडा घसरलेला: या चुका टाळा

पुण्यातलं एखादं ट्रेकिंगचं यूट्यूब चॅनेल घ्या. राजगड, तोरण्याच्या वाटा सविस्तर दाखवणारे मोठे व्हिडिओ, आणि जोडीला सिंहगडावरचं धुकं, ताम्हिणीतले धबधबे असे शॉर्ट्स. जूनमध्ये पाऊस लागला की शॉर्ट्स सुसाट धावतात. महिना संपल्यावर चॅनेलचा `Average view duration` बघितला, तर मे महिन्यात १ मिनिट ४८ सेकंद होता तो १ मिनिट ११ सेकंदांवर आलेला. लगेच खलबतं सुरू होतात: सुरुवात लांबतेय का, आवाज नीट नाही का, लोक कंटाळले का?

आता तेच आकडे फोडून बघू. (चॅनेल आणि आकडे कल्पित आहेत, हिशोब मात्र खरा.) मे महिन्यात मोठ्या व्हिडिओंना ४०,००० व्ह्यूज होते आणि प्रत्येक व्ह्यू सरासरी २४० सेकंद टिकला, शॉर्ट्सना ६०,००० व्ह्यूज, सरासरी २० सेकंद. जूनमध्ये मोठ्या व्हिडिओंचे व्ह्यूज ४४,००० झाले आणि सरासरी २६० सेकंद. शॉर्ट्सचे १,७६,००० आणि सरासरी २४ सेकंद. म्हणजे दोन्हीकडे लोक आधीपेक्षा जास्त वेळ थांबले. एकूण वॉच टाइमही ३,००० तासांवरून साधारण ४,३५० तासांवर गेला. घसरली ती फक्त एकत्रित सरासरी.

याचं कारण चॅनेलच्या दर्जात नाही, मिश्रणात आहे. मे महिन्यात शंभरातले चाळीस व्ह्यूज मोठ्या व्हिडिओंचे होते, जूनमध्ये वीसच उरले. शॉर्ट कितीही चांगला असला तरी तो मोठ्या व्हिडिओइतका वेळ बघितला जाणारच नाही. असे कमी सेकंदांचे व्ह्यूज भरमसाट वाढले की सरासरी त्यांच्याकडे ओढली जाते. प्रत्येक गट वाढूनही एकत्रित आकडा घसरण्याला संख्याशास्त्रात सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांचा लेख १९५१चा, पण अडनी यूल यांनी हा प्रकार १९०३ मध्येच दाखवला होता.

चूक पहिली: एकाच आकड्यावरून उपाय ठरवणं

सरासरी पडली म्हणून मोठ्या व्हिडिओंची मांडणी बदलायची, हा उपाय नेमका चालत्या गाड्याला खीळ घालतो, कारण तिथे २० सेकंदांची वाढ झालेली आहे. शॉर्ट्स बंद केले तर सरासरी दिमाखात वर जाईल, पण सुमारे १,१७० तासांचा वॉच टाइम जाईल.

उपाय ठरवण्याआधी यूट्यूब स्टुडिओत `Analytics` मध्ये `Advanced mode` उघडा आणि तक्ता `Content type` नुसार लावा. `Views`, `Watch time (hours)` आणि `Average view duration` हे तीन रकाने ठेवा. दोन कालखंडांची तुलना लावताना दिवसांची संख्या सारखी ठेवा. मे ३१ दिवसांचा आणि जून ३० दिवसांचा असतो, हे पटकन विसरायला होतं. महिन्यातून एखादंच लाइव्ह होत असेल तर त्याची ओळ वेगळीच बघा.

चूक दुसरी: सरासरींची सरासरी काढणं

शीटमध्ये २४० आणि २० यांची सरासरी १३०, मग २६० आणि २४ यांची १४२, म्हणजे चॅनेल सुधारलं! निष्कर्ष योगायोगाने बरोबर निघाला, पण हिशोब चुकीचाच आहे. यात ४४,००० व्ह्यूज आणि १,७६,००० व्ह्यूज यांना सारखंच वजन मिळालं. सरासरीला व्ह्यूजचं वजन द्यावंच लागतं.

खरा प्रश्न असा विचारा: मिश्रण मे महिन्यासारखंच राहिलं असतं, तर जूनची सरासरी किती आली असती? शीटमध्ये दोन आणि तीन नंबरच्या ओळीत मोठे व्हिडिओ आणि शॉर्ट्स घ्या. B मध्ये मेचे व्ह्यूज, C मध्ये मेचे सरासरी सेकंद, D मध्ये जूनचे व्ह्यूज, E मध्ये जूनचे सेकंद. मग तीन सूत्रं:

```
=SUMPRODUCT(B2:B3,C2:C3)/SUM(B2:B3)
=SUMPRODUCT(D2:D3,E2:E3)/SUM(D2:D3)
=SUMPRODUCT(B2:B3,E2:E3)/SUM(B2:B3)
```

उत्तरं अनुक्रमे १०८, ७१.२ आणि ११८.४ सेकंद. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतची १०.४ सेकंदांची वाढ म्हणजे खरी सुधारणा. तिसऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची ४७.२ सेकंदांची घट म्हणजे निव्वळ मिश्रणाचा परिणाम. जूनचं मिश्रण धरून हिशोब केला तर सुधारणा ७.२ सेकंदांची दिसते. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कोणतं मिश्रण धरलं ते लिहून ठेवा आणि दर महिन्याला तेच धरा.

इथे एक फसगत हमखास होते. स्टुडिओतून उतरवलेल्या तक्त्यात `Total` ची ओळ असते. ती सूत्रात आली तरी पहिली दोन उत्तरं अगदी बरोबर येतात, त्यामुळे शंका येत नाही. तिसरं मात्र ११८.४ ऐवजी ९४.८ येतं आणि सुधारणेची घसरण होऊन बसते. ती ओळ आधी काढून टाका.

चूक तिसरी: गट तेच आहेत असं धरून चालणं

३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरला जातो. किती वेळ बघितला याची अट नाही. जुन्या पद्धतीचा आकडा `Engaged views` या नावाने मिळतो. त्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना करताना लाइक भागिले व्ह्यूज असं गुणोत्तर काढलं, तर छेद फुगल्यामुळे ते पडलेलं दिसेल. तिथे दोन्हीकडे `Engaged views` घ्या.

तसंच १५ ऑक्टोबर २०२४ पासून चढवलेले तीन मिनिटांपर्यंतचे उभे किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट्समध्ये मोजले जातात. आधी ‘मोठ्या’ गटात गेला असता असा दोन मिनिटांचा नवा उभा व्हिडिओ आता दुसऱ्या गटात जातो. त्यामुळे शॉर्ट्सची सरासरी वाढलेली दिसेल, आणि लहान व्हिडिओ गटातून गेल्यामुळे मोठ्यांचीही. हाताने काहीच न सुधारता दोन्ही गट सुधारलेले!

गटाच्या पोटातही मिश्रण बदलतं. पाच मिनिटांच्या उपकरण-परीक्षणांऐवजी पंचवीस मिनिटांचे ट्रेक टाकायला लागलात तर सरासरी सेकंद वाढणारच. म्हणून मोठ्या व्हिडिओंची लांबीप्रमाणे पुन्हा फोड करून बघा, किंवा `Average percentage viewed` सोबत ठेवा. अर्थात टक्केवारी लहान व्हिडिओंना झुकतं माप देते, तेव्हा तिच्यावरही एकटीवर विसंबू नका.

चूक चौथी: ‘मिश्रण बदललं’ म्हणून हात झटकणं

ही चूक पहिलीइतकीच महागात पडते. मिश्रण आपोआप बदललं की आपणच बदललं, हे बघायला हवं. वरच्या उदाहरणात मोठ्या व्हिडिओंचे व्ह्यूज ४०,००० वरून ४४,००० झाले, म्हणून चिंता नाही. तेच ३०,००० वर आले असते, तर शॉर्ट्सच्या संपादनात वेळ जाऊन मोठा व्हिडिओ एखाद्या शनिवारी टाकायचा राहिला का, हे अपलोडच्या तारखांवरून तपासावं लागलं असतं. अशा वेळी गटाची सरासरी सुधारलेली असली तरी नुकसान खरं असतं.

`RPM` लाही, म्हणजे दर हजार व्ह्यूजमागच्या कमाईलाही, हाच नियम लागू होतो. शॉर्ट्स वाढले की चॅनेलचा एकत्रित `RPM` सहसा पडतो, तेव्हा प्रत्येक गटाचा `RPM` आणि हातात आलेले एकूण रुपये शेजारी ठेवा. दोन्ही वाढलेले असतील तर एकत्रित `RPM` कडे दुर्लक्ष करता येतं. पण प्रायोजक फक्त मोठ्या व्हिडिओंसाठी पैसे देत असेल, तर त्याला पाठवायच्या तक्त्यात एकत्रित सरासरी मुळीच टाकू नका. मोठ्या व्हिडिओंचीच ओळ पाठवा, आणि ती केवळ मोठ्या व्हिडिओंची आहे हे वर लिहा.