साक्षीला पहिल्यांदाच जाताय? उलटतपासाची तयारी अशी करा

फौजदारी खटल्यात कोर्ट आधी आरोपीवर दोषारोप ठेवतं. त्याने गुन्हा नाकबूल केला की सरकार पक्षाचे साक्षीदार बोलावले जातात. तुमचं समन्स या टप्प्यावर येतं.

सरकारी वकील आधी प्रश्न विचारून तुमची साक्ष घेतात, तो सरतपास. मग आरोपीचे वकील ती साक्ष पारखायला प्रश्न विचारतात, तो उलटतपास. खरी कसोटी इथे असते. समजा, मारामारीत आरोपीच्या हातात काठी होती असं तुम्ही कोर्टात सांगितलंत, पण पोलिसांना दिलेल्या तुमच्या जबाबात ते नाही. वकील तेच विचारतील. पोलिसांना सांगितलं असेल, तर "सांगितलं होतं, का लिहिलं नाही ते माहीत नाही," एवढंच म्हणा. सांगितलं नसेल तर तसं कबूल करा. कारण रचू नका, तिथेच साक्ष ढासळते. आठवत नसेल तर "आठवत नाही" हेही उत्तरच आहे. गरज वाटल्यास सरकारी वकील पुन्हा प्रश्न विचारतात, तो फेरतपास.

शेवटी नोंदवलेली साक्ष वाचून दाखवतात. चूक दिसली तर लगेच न्यायाधीशांना सांगा.

त्यानंतर आरोपीचा जबाब, हवा असल्यास बचावाचे साक्षीदार, युक्तिवाद आणि निकाल. त्यासाठी तुम्हाला सहसा यावं लागत नाही, मात्र कोर्ट गरजेनुसार पुन्हा बोलावू शकतं.