परदेशातल्या कॉन्झर्व्हेशन कोर्ससाठी सरांचं शिफारसपत्र: या चुका टाळा

"सर, तेवढी एक सही द्या की. उद्या लास्ट डेट आहे."

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापुरातल्या वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राच्या विभागांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. पोरगं हुशार असतं, फील्डवर्कही चांगलं केलेलं असतं. पण पत्राला चारित्र्याचा दाखला समजून आलेलं असतं, आणि सरही मग दाखलाच देतात.

दाखला आणि शिफारसपत्र यांत गल्लत

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती विद्यार्थी आणि शिक्षक दोघंही करतात. नमुना ठरलेला: 'ही विद्यार्थिनी मी तीन वर्षं ओळखतो. ती कष्टाळू, प्रामाणिक आणि आज्ञाधारक आहे. तिच्या भावी आयुष्यास शुभेच्छा.' संपलं. हे इंग्रजीत गेलं की तिकडच्या निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. 'आज्ञाधारक' तर उलटाच पडतो. आपल्याकडं तो गुण. तिथं वाचणाऱ्याला वाटतं, ही स्वतः काही प्रश्न विचारत नसावी.

आता हेच पत्र नीट कसं होतं ते एका उदाहरणात पाहू. एम.एस्सी.च्या एका मुलीचा प्रकल्प भुदरगड तालुक्यातल्या तीन देवरायांवर होता. दहा बाय दहा मीटरचे एकूण 18 चौकोन आखायचे, जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर 30 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घेर असलेलं प्रत्येक झाड मोजायचं, नाव लिहायचं. पहिल्या देवराईत आठ चौकोन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की उतारावर टेप जमिनीलगत धरलेला आहे. 30 अंशांच्या उतारावर असा दहा मीटर टेप सपाटीवर फक्त 8.66 मीटर भरतो. म्हणजे चौकोन कागदावर 100 चौरस मीटर, प्रत्यक्षात 86.6. त्यात दहा झाडं सापडली तर हिशेबात हेक्टरी 1000 येतात, खरी असतात 1155च्या आसपास. उताराची देवराई उगाच विरळ दिसते, आणि सपाट देवराईशी तिची तुलना चुकते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी दोन रविवार घालवून तिनं ते आठही चौकोन टेप आडवा समपातळीत धरून पुन्हा आखले.

पत्रात लिहायचं ते हे. चार-पाच वाक्यांत: काम काय होतं, चूक कशी दिसली, तिनं काय केलं, निकालात किती फरक पडला. 'कष्टाळू' आणि 'प्रामाणिक' हे शब्द मग लिहावेच लागत नाहीत.

याच प्रकल्पातली दुसरी गोष्ट म्हणजे चौकोन आखायच्या आधी ती गुरवाला आणि गावातल्या चार जाणत्यांना भेटली, आत काय चालतं आणि काय चालत नाही ते विचारून घेतलं, चपला बाहेर काढून आत गेली. सरांना हे किरकोळ वाटलं म्हणून पहिल्या मसुद्यात नव्हतं. कॉन्झर्व्हेशनच्या कोर्सला मात्र माणसांशी जमवून काम करता येतं का, हा निम्मा प्रश्न असतो. ते दोन ओळींत तरी आलंच पाहिजे.

काम राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनविभागाची परवानगी होती, हेही एका ओळीत लिहा. परवानगी नसेल तर 'अभयारण्यात अभ्यास केला' असं ठोकून देऊ नका. वाचणारे याच क्षेत्रातले असतात, त्यांना हे खटकतंच.

पत्र स्वतःच लिहून सरांपुढं ठेवणं

"तूच लिहून आण, मी सही करतो." हे सर म्हणतात, पोरांना सोयीचं वाटतं, आणि दोघंही फसतात.

एका विद्यार्थ्यानं दोन सरांची दोन पत्रं एकाच रात्री लिहिली. दोन्हींत तोच उत्साह, तीच विशेषणं, 'निसर्गाची उपजत ओढ' हे शब्द तर दोन्हीकडं जसेच्या तसे. भरीला दोन्ही फाईल त्याच्याच लॅपटॉपवर वर्डमधून पीडीएफ केलेल्या. अशा पीडीएफच्या Properties मध्ये Author समोर ज्याचं वर्ड त्याचं नाव येतं. इथं दोन्हीकडं अर्जदाराचंच नाव होतं. विद्यापीठानं एका सरांना मेल करून साधा प्रश्न विचारला: हे पत्र तुम्ही लिहिलं आहे का? सर खोटं बोलले नाहीत. अर्ज तिथंच थांबला.

यावर उपाय म्हणून Author पुसायचा असं कुणाच्या डोक्यात आलं असेल, तर मूळ मुद्दा समजलाच नाही. आपलं पत्र आपणच लिहिलं की त्यात आपल्याला आपलं जे दिसतं तेच येतं. उताराच्या टेपची गोष्ट त्या मुलीनं स्वतः कधीच लिहिली नसती. तिला ती स्वतःची चूक वाटत होती.

सरांना पत्र नको, टिपण द्या. एक पान पुरे: प्रकल्पाच्या तारखा, जागा, पद्धत, कुठं अडलं आणि तेव्हा काय ठरवलं, कोर्सचं नेमकं नाव, मुदत. सोबत गुणपत्रिका आणि तुमचं एसओपी. वर्गात किती जण होते आणि तुमचा क्रमांक कितवा, हेही लिहा. 62 टक्के म्हणजे काय ते परदेशात कळत नाही, '22 जणांत तिसरी' हे कळतं.

हे टिपण मुदतीच्या सहा आठवडे आधी पोचायला हवं. डिसेंबर-जानेवारीच्या मुदती असतात आणि त्याआधी दिवाळी, सेमिस्टर परीक्षा, मग पेपर तपासायचा कॅप. कॅपच्या आठवड्यात सरांकडं पत्र मागणाऱ्याला दाखलाच मिळणार, आणि त्यात सरांची चूक नाही.

बाकीच्या, थोडक्यात

प्राचार्यांची किंवा एखाद्या मोठ्या साहेबांची सही भारी दिसते म्हणून त्यांच्याकडं धावू नका. पावसात तुमच्यासोबत उभे राहिलेले गाईड हवेत.

बहुतेक ठिकाणी दोन पत्रं लागतात, ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी तीन. तिन्ही सरांनी तोच प्रकल्प सांगू नये.

जुन्या पत्रात नाव बदलून वापरलं की कुठंतरी दुसऱ्याच कोर्सचं नाव राहतंच.

फॉर्ममध्ये सरांचा जीमेल नको, कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा पत्ता द्या. आधी त्यांना विचारा, तो मेल ते उघडतात का. कित्येकांचा पासवर्डच हरवलेला असतो.

लेटरहेडवर, तारीख आणि सहीसह, सरळ स्कॅन. मोबाईलनं काढलेला, कोपऱ्यात अंगठा आलेला फोटो नको.

ब्रिटनमधली मुदत बऱ्याचदा दुपारी बाराची असते. डिसेंबरात ती आपल्याकडं संध्याकाळी साडेपाचला संपते, रात्री बाराला नाही.

पोर्टलवरून सरांना जाणारी लिंक स्पॅममध्ये पडते. फॉर्ममध्ये नाव टाकलं त्याच दिवशी फोन करून ती सापडली का विचारा, पंधरा दिवस उरले की एकदा आठवण करा, तीन दिवस उरले की पुन्हा. पत्र पोचल्याचं अर्जाच्या पानावर दिसतं. ते दिसलं की थांबा, आणि "सर, काय लिहिलंत ते दाखवा की" असं म्हणू नका.