इटलीचा बूट आणि तीन गुणांचं उत्तर: राजकीय व्यंगचित्रावर लिहिताना या चुका टाळा

“चित्रात एक माणूस राजाच्या पायात बूट घालत आहे. राजाला मोठ्या मिशा आहेत. बुटावर इटली असे लिहिले आहे. यातून गॅरिबाल्डीची राजनिष्ठा दिसते.”

कोल्हापुरात दहावीच्या सीबीएसईच्या मुलांना इतिहास शिकवताना या धर्तीची उत्तरं मी दरवर्षी तपासतो. प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या युरोपमधल्या राष्ट्रवादाच्या धड्यातल्या चित्रावरचा असतो. मुलानं चित्र नीट पाहिलेलं असतं, धडाही वाचलेला असतो, तरी तीनपैकी जेमतेम एक गुण पडतो. तो का पडतो हे याच एका चित्रावर सविस्तर सांगतो, कारण नेहमीच्या बहुतेक चुका या एकाच बुटात सापडतात.

आधी चित्र. सार्डिनिया-पीडमाँटचा राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल पायात एक लांब बूट चढवतो आहे. इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा सेनानी गॅरिबाल्डी त्याच्या पायाशी आहे आणि त्यानं बुटाचा तळ धरून ठेवला आहे. मूळ चित्र लंडनच्या ‘पंच’ या साप्ताहिकात आलं होतं.

चूक पहिली: जे दिसतं तेच लिहून काढणं

तीन गुणांच्या उत्तराला साठेक शब्दांची जागा असते. त्यातले चाळीस शब्द मिशा, बूट आणि कपडे यांवर गेले तर उरलेल्या वीस शब्दांत इटलीचं एकीकरण बसत नाही. परीक्षकासमोरही तेच चित्र छापलेलं असतं. ते पुन्हा शब्दांत वाचण्यात त्याला काही मिळत नाही.

माझ्या मुलांना मी एक साधी कसोटी देतो. चित्रातल्या वस्तूबद्दल वाक्य लिहिलं की त्याला ‘म्हणजे’ जोडून बघायचं. “राजाला मोठ्या मिशा आहेत, म्हणजे…” इथं पुढे काही सुचत नाही, तर ते वाक्य खोडा. मिशा राजा ओळखायला उपयोगी पडतात, तेवढंच त्यांचं काम. “गॅरिबाल्डीनं बुटाचा तळ धरला आहे, म्हणजे…” इथं मात्र पुढे सगळा दक्षिण इटली उभा आहे. ते वाक्य ठेवा.

चूक दुसरी: आपल्याकडचा अर्थ चित्राला चिकटवणं

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती हुशार मुलंही करतात. आपल्या भाषेत ‘जोडे उचलणं’ म्हणजे लाचारी. कुणाच्या पायाशी बसून त्याच्या जोड्याला हात लावणारा माणूस आपल्या डोळ्यांना एकतर चाकर दिसतो नाहीतर भक्त. त्यामुळे मुलं लिहितात की गॅरिबाल्डी राजाचा गुलाम झाला होता, किंवा चित्रकारानं त्याचा अपमान केला आहे, किंवा वर दिलेल्या उत्तरासारखं ‘राजनिष्ठा दिसते’ एवढं लिहून थांबतात.

पण या चित्राची किल्ली पायाशी बसण्यात नाही, नकाशात आहे. धड्यातला इटलीचा नकाशा काढा आणि चित्राशेजारी ठेवा. इटलीचा आकारच बुटासारखा आहे. बुटाचं वरचं तोंड उत्तरेला आहे, आणि वायव्येला त्या तोंडाशीच राजाचं सार्डिनिया-पीडमाँट आहे. पाऊल, टाच आणि चवडा दक्षिणेला आहेत, म्हणजे नेपल्स राजधानी असलेलं दोन सिसिलींचं राज्य. आता चित्राकडे परत या. राजाचा पाय वरून आत शिरतो आहे. गॅरिबाल्डीचे हात तळाशी आहेत. उत्तरेचा राजा वरून येतो आहे आणि दक्षिण ज्याच्या ताब्यात आहे तो माणूस खालचं टोक धरून त्याला जागा करून देतो आहे. चित्रकारानं कुणाला कुठं ठेवलं आहे, यातच त्याचं म्हणणं आहे.

हे एकदा कळलं की चाकरीचा अर्थ आपोआप मागे पडतो. ज्याच्या हातात बूट आहे त्याच्याशिवाय राजाला तो घालता येत नाही. गॅरिबाल्डीनं कमावलेलं राज्य तो स्वतःकडे न ठेवता राजाच्या स्वाधीन करतो आहे, असं हे चित्र आहे. राजनिष्ठा हा शब्द चुकीचा नाही, पण तो फार थोडं सांगतो. त्यात दक्षिण कुठंच येत नाही.

प्रतीकाचा अर्थ लावताना अडलात तर स्वतःला विचारा: या वस्तूचा आकार, जागा किंवा दिशा बदलली तर चित्राचा अर्थ बदलेल का? राजाचा कोट बदलला तर काही बिघडत नाही. बूट काढून तिथं टोपी दिली तर चित्रच कोसळतं. जे काढल्यावर चित्र कोसळतं त्यावर लिहा.

चूक तिसरी: संदर्भ म्हणून अख्खा धडा ओतणं, नाहीतर चुकीचं साल धरणं

संदर्भ म्हणजे मॅझिनीपासूनचा इतिहास नव्हे. चित्र ज्या घटनेनंतर काढलं गेलं ती एक घटना, आणि फार तर तिच्या आधीची एक पायरी.

या चित्रात एक खोच आहे. पुस्तकात चित्राखाली ‘1859 चं इंग्रजी व्यंगचित्र’ असं दिलेलं आहे. ते वाचून मुलं 1859 मध्ये काय झालं ते आठवतात. त्या वर्षी सार्डिनिया-पीडमाँटनं फ्रान्सच्या मदतीनं ऑस्ट्रियाला हरवलं, म्हणून तेच लिहितात. लिहिलेलं खरं असतं, पण चित्राशी जुळत नाही. ती लढाई उत्तरेची होती आणि चित्रातला गॅरिबाल्डी तर तळाशी, दक्षिणेत आहे. इथं विद्यार्थ्यानं थांबून चित्राला विचारायला हवं. बुटाचा तळ गॅरिबाल्डीच्या हातात कधी आला?

मे 1860 मध्ये तो स्वयंसेवक घेऊन सिसिलीत उतरला. 7 सप्टेंबरला तो नेपल्समध्ये पोहोचला. ऑक्टोबरच्या अखेरीस तेआनोजवळ त्याची आणि राजाची भेट झाली, 7 नोव्हेंबरला दोघं मिळून नेपल्समध्ये आले आणि दोन दिवसांनी गॅरिबाल्डी सत्तेचं पद न घेता काप्रेरा बेटावर निघून गेला. ‘पंच’मध्ये हे चित्र आलं ते 17 नोव्हेंबर 1860 च्या अंकात. म्हणजे बातमी ताजी होती.

मग परीक्षेत साल कोणतं लिहायचं? पालकसुद्धा मला हे विचारतात. माझं उत्तर असं: चित्राचं साल लिहूच नका, घटनेचं लिहा. ‘1860 मध्ये गॅरिबाल्डीनं दक्षिण इटली जिंकला’ हे पुस्तकातही आहे आणि इतिहासातही तसंच आहे. छापील ओळीशी उत्तरपत्रिकेत वाद घालत बसायला साठ शब्द पुरत नाहीत.

चूक चौथी: ओळ न वाचणं

मूळ अंकात चित्राखाली गॅरिबाल्डीच्या तोंडी एक वाक्य होतं. त्याचा आशय असा, की महाराज, बूट चढत नसेल तर आणखी थोडी पावडर वापरून बघा. नवी कोल्हापुरी पायाला चावली की आपण तिला तेल लावून मऊ करतो. तसा घट्ट बूट चढावा म्हणून त्यात पावडर टाकत. पण इंग्रजीत पावडर म्हणजे बंदुकीची दारूसुद्धा. एकाच शब्दात बुटाची भुकटी आणि युद्ध. चित्रकार सुचवतो आहे की इटली पूर्ण व्हायला अजून थोडी लढाई लागेल. आणि झालंही तसंच. 1861 मध्ये इटलीचं राज्य घोषित झालं तरी व्हेनेशिया 1866 मध्ये आणि रोम 1870 मध्ये सामील झालं.

प्रश्नपत्रिकेत चित्राखाली एखादी ओळ दिली असेल तर ती सजावट समजू नका. तिच्यातला दोन अर्थांचा शब्द शोधा. बरेचदा संदेश तिथंच असतो, आणि नेमकं तेच वाक्य मुलं घाईत ओलांडतात.

चूक पाचवी: संदेशाऐवजी स्वतःचं मत

“यावरून आपण देशासाठी त्याग करायला शिकतो” हे वाक्य मी लाल शाईनं किती वेळा खोडलं असेल! भावना चांगली आहे, पण प्रश्न चित्रकाराच्या म्हणण्याबद्दल आहे. दुसरं टोक म्हणजे “चित्रकारानं राजकारणावर टीका केली आहे.” हे वाक्य कुठल्याही चित्राखाली चालेल, म्हणून इथं ते निरुपयोगी. टीका कुणावर, कशासाठी, चित्रातल्या कुठल्या गोष्टीवरून, हे आलं तरच तो संदेश. शिवाय प्रत्येक व्यंगचित्रात टीकाच असते असंही नाही. या चित्रात गॅरिबाल्डीकडे बघण्याची नजर मला तरी कौतुकाची वाटते. राजाला थोडा चिमटा असेल, की बूट दुसऱ्याच्या मेहनतीनं पायात येतो आहे.

नजर ओळखायला चित्र कुठं छापलं गेलं ते बघा. त्याच धड्यात प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याचं चित्र आहे. हातात चाबूक घेऊन तो संसदेत उभा आहे आणि निवडून आलेले सभासद भीतीनं दबकले आहेत. ते व्हिएन्नाच्या ‘फिगारो’मधलं, 5 मार्च 1870 चं. चारच वर्षांपूर्वी, 1866 मध्ये, ऑस्ट्रिया प्रशियाकडून हरला होता. व्हिएन्नाच्या कागदावर बिस्मार्क मायाळू निघणार नाही, हे उत्तरात एका वाक्यात आलं तर परीक्षकाला कळतं की या मुलानं चित्राची नजरही ओळखली. मात्र ‘ऑस्ट्रियाचं चित्र म्हणून खोटं’ असा निष्कर्ष काढू नका. पक्षपाती चित्रातही खरं निरीक्षण असू शकतं.

तेच उत्तर, दुरुस्त करून

बुटाच्या चित्रावर माझ्या वर्गात शेवटी ठरलेलं उत्तर असं आहे. तुमचा पेपर इंग्रजीत असला तरी वाक्यांचा क्रम हाच ठेवता येतो:

“बूट हे इटलीच्या आकाराचे प्रतीक आहे. सार्डिनिया-पीडमाँटचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल वरून, म्हणजे उत्तरेकडून पाय घालतो. गॅरिबाल्डी तळ, म्हणजे दक्षिण इटली, धरून त्याला मदत करतो. 1860 मध्ये गॅरिबाल्डीने दोन सिसिलींचे राज्य जिंकून राजाच्या स्वाधीन केले. राजाच्या नेतृत्वाखाली इटली एक होत असली तरी गॅरिबाल्डीच्या दक्षिणेतील विजयाशिवाय ते शक्य नव्हते, असे चित्रकार सुचवतो.”

पहिल्या तीन वाक्यांत प्रतीकं, चौथ्यात संदर्भ, पाचव्यात संदेश. ‘पावडर’ची ओळ प्रश्नात छापलेली नसेल तर ती इथं घुसवायची गरज नाही. पाच गुणांसाठी विचारलं तर मात्र ती घ्या, आणि तिला जोडून व्हेनेशिया आणि रोम अजून बाहेर होते हेही लिहा.

वेळ कमी असेल तर मी मुलांना उलट क्रमानं विचार करायला सांगतो. आधी पेन्सिलनं कोपऱ्यात संदेशाचं एकच वाक्य लिहायचं, मग ते वाक्य चित्रातल्या कुठल्या दोन गोष्टींवर उभं आहे ते शोधायचं. दोन सापडल्या नाहीत तर संदेश डोक्यातून आलेला आहे, चित्रातून नाही. तो पुसायचा आणि पुन्हा चित्राकडे बघायचं.