वर्णन करा, कारणे द्या, मूल्यमापन करा: भूगोलाच्या उत्तरातल्या या चुका टाळा

भूगोलाचा अभ्यास नीट केलेल्या मुलांचे गुण बरेचदा प्रश्नाच्या शेवटच्या दोन शब्दांवर जातात. मराठी प्रश्नात आज्ञा शेवटी येते. सुरुवातीलाच ‘सह्याद्री’ किंवा ‘पर्जन्यछाया’ दिसलं की डोक्यातला धडा सुरू होतो आणि ‘वर्णन करा’ म्हटलंय की ‘कारणे द्या’, हे बघायचं राहून जातं. मग तिन्ही प्रकारच्या प्रश्नांना एकच पाठ केलेलं उत्तर लिहिलं जातं. माहिती बरोबर असते, पण ती विचारलेली नसते.

एकच विषय घेऊन तीन वेगळी उत्तरं कशी होतात ते पाहू. समजा, प्रश्नासोबत वार्षिक पावसाचा तक्ता दिला आहे: महाबळेश्वर ५५०० मिमी, पाचगणी १८०० मिमी, वाई ७०० मिमी. तिन्ही ठिकाणं सातारा जिल्ह्यातली, आणि महाबळेश्वर ते वाई रस्त्याने जेमतेम ३० ते ३५ किमी.

पहिला प्रश्न: ‘तक्त्याच्या आधारे पावसाच्या वितरणाचे वर्णन करा.’ इथे सर्रास लिहिलं जातं, ‘महाबळेश्वरला खूप पाऊस पडतो कारण ते सह्याद्रीच्या माथ्यावर आहे.’ ‘कारण’ आलं तिथेच उत्तर रुळावरून उतरलं. वर्णनात कारणाला गुण नसतात, मग ते कितीही अचूक असो. दुसरी चूक म्हणजे तक्ताच पुन्हा उतरवून काढणं: महाबळेश्वरला इतका, पाचगणीला इतका, वाईला इतका. परीक्षकाला आकडे दिसतच असतात. त्याला हवं असतं ते त्या आकड्यांत तुम्हाला काय दिसलं ते. आधी एकूण कल सांगा, मग तो आकड्यांनी आणि एककासह सिद्ध करा, आणि बदल कुठे जास्त आहे ते दाखवा. उदाहरणार्थ: ‘पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो. महाबळेश्वरला ५५०० मिमी पाऊस पडतो, तर वाईला ७०० मिमी, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा. घट सारखी नाही. महाबळेश्वर ते पाचगणी या टप्प्यात ती सर्वाधिक, ३७०० मिमी आहे.’ तीन-चार वाक्यांत काम झालं. आलेखात एखादा महिना किंवा ठिकाण कलाशी जुळत नसेल, तर तेही नोंदवा. तो अपवाद टिपणारी उत्तरपत्रिका लगेच उठून दिसते.

दुसरा प्रश्न: ‘वाईला महाबळेश्वरपेक्षा कमी पाऊस पडतो. भौगोलिक कारणे द्या.’ ‘स्पष्ट करा’ असं विचारलं तरी मागणी हीच. इथली नेहमीची चूक म्हणजे नाव सांगून थांबणं: ‘कारण वाई पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे.’ हे कारण झालं नाही, त्या परिस्थितीला फक्त नाव दिलं गेलं. पर्जन्यछाया तयार कशी होते, ते सांगायचं आहे. दुसरी चूक शास्त्राची आहे आणि फार खोल रुजलेली आहे: ‘ढग डोंगराला आदळतात आणि पाऊस पडतो.’ आदळल्याने पाऊस पडत नाही. साखळी अशी जोडावी लागते: अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीमुळे वर चढतात, उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ती हवा प्रसरण पावते आणि थंड होते, थंड झाल्याने बाष्पाचं सांद्रीभवन होऊन पश्चिम उतारावर आणि माथ्यावर भरपूर पाऊस पडतो.

बहुतेक उत्तरं इथेच संपतात, किंवा ‘वाऱ्यातलं बाष्प संपतं’ म्हणून पुढे जातात. पण प्रश्न वाईचा आहे, त्यामुळे पलीकडचा अर्धा भाग सर्वांत महत्त्वाचा. पूर्वेकडे उतरताना हवा दाबली जाते, त्यामुळे तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता घटते. आधीच बाष्प कमी झालेलं, त्यात हवा तापलेली, त्यामुळे सांद्रीभवनाला वावच उरत नाही. तीन गुणांच्या उत्तराला हे दोन दुवे असले की पुरे. जोडीला महाराष्ट्रातल्या सगळ्या पठाराचं वर्णन लिहिण्याची गरज नाही.

खरी दमछाक होते ती तिसऱ्या प्रश्नात: ‘महाराष्ट्रातील पाणीटंचाईला पर्जन्यछाया कितपत कारणीभूत आहे, याचे मूल्यमापन करा.’ राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून असे शब्द मराठी माध्यमाच्या मुलांसमोरही आले आहेत. इथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच लांबवून लिहिलं जातं. दुसरा मार्ग म्हणजे पाच कारणांची यादी आणि शेवटी ‘अशा प्रकारे पर्जन्यछाया हे एक महत्त्वाचे कारण आहे.’ दोन्हींत वजन केलेलंच नसतं. ‘कितपत’ला उत्तर द्यायचं तर कारणाच्या बाजूचा पुरावा हवा, त्याची मर्यादा दाखवणारा पुरावा हवा आणि निकाल हवा.

बाजूचा पुरावा सोपा आहे: माण, खटाव, आटपाडी हे तालुके सह्याद्रीच्या छायेत आहेत आणि टंचाई तिथे जुनीच आहे. मर्यादा दाखवायला मात्र उदाहरण विचारपूर्वक निवडावं लागतं. माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण कोकणाचं आहे. तिथे २५०० मिमीच्या वर पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकर लागतात, कारण उतार तीव्र आहे, जांभा खडक पाणी धरून ठेवत नाही आणि पावसाचं पाणी थोड्याच वेळात समुद्राला मिळतं. उलट बाजूला हिवरे बाजार घ्या. पर्जन्यछायेतलं कमी पावसाचं गाव, पण पाणलोटाची कामं, पाण्याचा ताळेबंद, उसासारख्या पिकांना आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला बंदी यांमुळे ते टंचाईतून बाहेर आलं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याआधी सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला होता आणि मांजरा धरण आटलं होतं. इथे एकट्या पर्जन्यछायेला दोष देता येत नाही.

आता निकाल: ‘पर्जन्यछाया पाऊस किती कमी मिळेल हे ठरवते, पण टंचाई किती तीव्र होईल हे खडक, उतार, पीकपद्धती आणि पाण्याचे नियोजन ठरवतात. त्यामुळे माणदेशासाठी ते मुख्य कारण आहे, संपूर्ण राज्यासाठी नाही.’ निकालात प्रदेश किंवा अट आली की तो ठोस होतो. ‘दोन्ही घटक महत्त्वाचे आहेत’ हे लिहिणं म्हणजे निकाल टाळणं. ‘चर्चा करा’मध्येही दोन्ही बाजू लागतात, फक्त तिथे निकालापेक्षा बाजूंच्या मांडणीवर भर असतो.

सराव करताना आपलं उत्तर तपासायची एक पद्धत आहे: जोडशब्द अधोरेखित करा. वर्णनाच्या उत्तरात ‘कारण’, ‘त्यामुळे’ दिसले तर ती वाक्यं काढून टाका. स्पष्टीकरणात एकही ‘त्यामुळे’ नसेल तर साखळी जुळलेली नाही. मूल्यमापनात ‘मात्र’, ‘तरीही’, ‘त्या मानाने’ यांपैकी काहीच नसेल, तर तुम्ही स्पष्टीकरणच लिहिलं आहे. ‘फरक स्पष्ट करा’मध्ये ‘स्पष्ट’ शब्द असला तरी कारणं नको असतात. एकाच मुद्द्यावर दोन्ही बाजू समोरासमोर हव्यात, आधी कोकणाचा सगळा परिच्छेद आणि मग पठाराचा असं नाही.

एकाच प्रश्नात दोन आज्ञा आल्या, जसं ‘वर्णन करा व कारणे द्या’, तर कच्च्या कागदावर दोन्ही वेगळ्या लिहा आणि गुण वाटून घ्या. विभागणी छापलेली नसेल तर निम्मे-निम्मे धरा. वर्णन सोपं म्हणून मुलं त्यात पान भरतात आणि कारणांना दोन ओळी उरतात. अशा वेळी वर्णन चार ओळींत थांबवा आणि कारणांचा परिच्छेद नव्या ओळीवर सुरू करा, म्हणजे परीक्षकालाही दोन्ही भाग वेगळे दिसतात.