जीएसटी नोंदणीचा अर्ज अडकला: स्टेटस कसं वाचायचं, तक्रार कुठे करायची

जीएसटी क्रमांकासाठी अर्ज केला, दोन आठवडे झाले, आणि पोर्टलवर रोज तेच वाक्य दिसतंय. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर सल्लागाराला फोनवर फोन लावतात, नाहीतर वैतागून दुसरा अर्ज भरतात. त्याआधी पाच मिनिटं काढून एवढंच बघा, की फाईल सध्या कोणाच्या टेबलावर आहे आणि किती दिवसांपासून. स्टेटसच्या वाक्यात हे लिहिलेलं असतं, फक्त सरकारी इंग्रजीत.

आधी एआरएन आहे का ते बघा

पोर्टलवर अर्जाचे दोन भाग असतात. पहिला भाग भरला की टीआरएन मिळतो. हा तात्पुरता क्रमांक १५ दिवस चालतो आणि तेवढ्यात दुसरा भाग भरून पाठवावा लागतो, नाहीतर भरलेली माहिती पुसली जाते. दुसरा भाग पाठवल्यावर आधारची पडताळणी होते आणि मग १५ अक्षरांचा एआरएन, म्हणजे अर्जाचा संदर्भ क्रमांक, येतो. महाराष्ट्रातल्या अर्जाचा एआरएन `AA27` ने सुरू होतो, कारण २७ हा राज्याचा कोड आहे.

"अर्ज अडकला" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांकडे प्रत्यक्षात एआरएनच नसतो. ईमेलवर आलेली आधारची लिंक उघडायची राहिलेली असते. काहींना त्या लिंकऐवजी जीएसटी सुविधा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा निरोप येतो, आणि तो मेल स्पॅममध्ये पडून राहतो. एआरएन नाही म्हणजे अधिकाऱ्याकडे अजून काहीच पोचलेलं नाही. तिथे तक्रार करून उपयोग नाही, आधी पडताळणी उरका.

एआरएन असेल तर `Services > Registration > Track Application Status` इथे तो टाका. लॉगिन लागत नाही.

वाक्याचा अर्थ

`Pending for Validation` किंवा `Validation Error` दिसलं तर अडचण यंत्रणेच्या पातळीवर आहे. पॅनवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळत नाही, असलं काहीतरी. यात अधिकाऱ्याचा काही संबंध नाही.

`Pending for Processing` म्हणजे अर्ज अधिकाऱ्याकडे गेला आणि आता दिवस त्याचे मोजायचे. आधार पडताळणी नीट झाली असेल तर केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम ९ प्रमाणे त्याला कामाचे ७ दिवस मिळतात. पडताळणी झाली नसेल, किंवा जागेची पाहणी ठरली असेल, तर ३० दिवस. म्हणून `Site Verification Assigned` दिसलं की सातव्या दिवशी तक्रार करू नका, ती टिकणार नाही. त्यापेक्षा जागेवर नावाची पाटी आहे ना, आणि दिवसा तिथे कोणी भेटेल ना, ते बघा.

`Pending for Clarification` हे सगळ्यात फसवं वाक्य. वाचताना वाटतं, अजून तपासणी चालू आहे. खरं तर फाईल तुमच्या टेबलावर येऊन पडलेली असते. अधिकाऱ्याने `REG-03` नोटीस काढलेली आहे आणि तिला `REG-04` मध्ये उत्तर द्यायला तुमच्याकडे कामाचे ७ दिवस आहेत. ते गेले की वाक्य `Clarification Not Filed-Pending for Order` असं होतं, आणि पुढचा मुक्काम बहुधा `Rejected`.

उत्तर वेळेत दिलं तर दिसतं `Clarification Filed-Pending for Order`. इथून पुन्हा दिवस अधिकाऱ्याचे, आणि पुन्हा कामाचे ७.

एक अर्ज, तारखांसकट

समजा, भाड्याच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका बाईंचा अर्ज आहे. आधार पडताळणी झाली आणि सोमवारी, ५ मे २०२५ ला एआरएन आला. कामाचे ७ दिवस ६ तारखेपासून मोजायचे. मध्ये शनिवार-रविवार येतात आणि १२ मेला बुद्ध पौर्णिमेची सुट्टी. म्हणजे मुदत १५ मेला संपते. घाईत कॅलेंडरचे सात दिवस मोजले असते, तर त्यांनी १३ मेलाच तक्रार ठोकली असती आणि "मुदत बाकी आहे" या एका ओळीत ती बंद झाली असती.

१४ मेला नोटीस आली. तीन मागण्या होत्या: गाळामालकाचं आधार कार्ड, मालकाचा गाळ्यासमोर उभा राहून काढलेला फोटो, आणि "तुमचं घर दुसऱ्या शहरात आहे, मग धंदा इथे कसा?" याचा खुलासा.

बाईंनी अर्जासोबत नोंदणीकृत भाडेकरार आणि मालकाच्या नावाचं वीजबिल जोडलं होतं. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेप्रमाणे (क्रमांक ०३/२०२५-जीएसटी) एवढं पुरतं. करार नोंदणीकृत नसेल तरच मालकाचा ओळखपुरावा जोडावा लागतो. मालकाचं आधार, पॅन किंवा जागेतला फोटो मागू नये, असं त्या सूचनेत स्पष्ट म्हटलंय. घर एका शहरात आणि धंदा दुसऱ्या शहरात, यावरून शंका काढू नयेत, हेही त्यात आहे. सूचनेतल्या यादीबाहेरचा कागद हवाच असेल तर अधिकाऱ्याला आपल्या उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते.

आता इथे एक मोह होतो: नोटीसच चुकीची आहे, तर उत्तर कशाला द्यायचं, सरळ वर तक्रार करू. तसं करू नका. नोटीस कितीही चुकीची असली तरी दिवस मोजले जातात, आणि उत्तर दिलं नाही तर अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं. बाईंची मुदत २३ मेपर्यंत होती. त्यांनी १९ मेला उत्तर दिलं. टीआरएनने लॉगिन करून `Application for Filing Clarifications` उघडलं आणि प्रत्येक मुद्द्याखाली स्वतंत्र उत्तर लिहिलं. पहिल्या दोन मुद्द्यांना: "करार नोंदणीकृत आहे, सोबत वीजबिल जोडले आहे, सूचना ०३/२०२५ नुसार हा पुरावा पुरेसा आहे." तिसऱ्याला: "राहते घर आणि व्यवसायाची जागा वेगवेगळ्या शहरांत आहेत; व्यवसायाच्या जागेचा पुरावा जोडला आहे." करार आणि बिल पुन्हा अपलोड केलं, या वेळी पानं नीट वाचता येतील असं स्कॅन करून. मोबाईलवर तिरका काढलेला फोटो हे नोटीस येण्याचं एक अगदी साधं कारण असतं, कायद्याचा कीस काढण्याआधी तेवढं तपासून घ्यावं.

१९ मेनंतर कामाचा सातवा दिवस म्हणजे २८ मे. २९ तारखेलाही पोर्टलवर `Clarification Filed-Pending for Order` असंच. आता तक्रारीला बळ आलं, कारण नियम ९(५) सांगतो की या मुदतीत अधिकाऱ्याने काहीच केलं नाही तर अर्ज मंजूर झाल्याचं मानलं जातं, आणि नियम १०(५) प्रमाणे त्यानंतर ३ दिवसांत प्रमाणपत्र पोर्टलवर यायला हवं.

तक्रार कुठे, कोणत्या क्रमाने

यंत्रणेची चूक असेल, म्हणजे पान उघडत नाही, पडताळणी झाली पण एआरएन येत नाही, उत्तर पाठवलं तरी स्टेटस जुनंच, तर `selfservice.gstsystem.in` वर तिकीट काढा आणि स्क्रीनशॉट जोडा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसली पाहिजे. मदतकेंद्राचा फोन 1800-103-4786. अधिकाऱ्याने निर्णय दिला नाही किंवा चुकीची शंका काढली, ही तक्रार मात्र तिथे नेऊ नका. त्यांच्या हातात ते नाही.

अधिकाऱ्याविषयी तक्रार असेल तर आधी बघा, अर्ज केंद्राकडे गेलाय की राज्याकडे. पोचपावतीवर दोन्हीकडच्या कार्यालयांची नावं असतात, पण अर्ज तपासतं एकच. `REG-03` नोटिशीवर ज्या अधिकाऱ्याचं पद आणि कार्यालय आहे, ते तुमचं. नोटीस आली नसेल तर मदतकेंद्राला एआरएन सांगून विचारा.

पहिला मेल त्याच कार्यालयाला करा. साधा, चार ओळींचा. दोन-तीन कामाच्या दिवसांत काही हललं नाही तर वर जा. केंद्राकडच्या अर्जांसाठी मंडळाने २ मे २०२५ च्या सूचनेने (०४/२०२५-जीएसटी) वेगळी सोय केली आहे: विभागीय प्रधान मुख्य आयुक्त किंवा मुख्य आयुक्तांच्या कार्यालयाने अशा तक्रारींसाठी ईमेल पत्ता जाहीर करायचा आणि अर्जदाराने तिथे लिहायचं. तीन गोष्टी लागतात: एआरएन, अर्ज केंद्राकडे की राज्याकडे, आणि अडचण थोडक्यात. बाईंचा मेल असा होता:

> विषय: नवीन नोंदणी – मुदतीनंतरही आदेश नाही – एआरएन …
>
> कार्यकक्षा: केंद्र.
> ०५/०५/२०२५ एआरएन मिळाला, आधार पडताळणी पूर्ण.
> १४/०५/२०२५ REG-03 मिळाली. १९/०५/२०२५ REG-04 दाखल केले.
> २८/०५/२०२५ रोजी कामाचे ७ दिवस संपले, आदेश नाही. नोटिशीतील तिन्ही मागण्या सूचना ०३/२०२५ शी विसंगत आहेत.
> विनंती: नियम ९(५) व १०(५) नुसार प्रमाणपत्र उपलब्ध करून द्यावे.
> सोबत: REG-03, REG-04 ची प्रत, आजच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट.

यात "मला फार मनस्ताप झाला" कुठे नाही. वाचणाऱ्याला तारखा दिल्या की तो एका मिनिटात पोर्टलवर पडताळून बघू शकतो, आणि खाली विचारणा करायला त्याला तेवढंच हवं असतं. अधिकाऱ्यावर पैसे मागितल्याचा आरोप असेल तर तो या मेलमध्ये घुसडू नका. त्याची तक्रार दक्षता यंत्रणेकडे वेगळी करायची असते.

अर्ज राज्याकडे असूनही चुकून केंद्राच्या पत्त्यावर मेल गेला, तरी तो राज्याकडे पाठवायचा आणि प्रत जीएसटी परिषदेच्या सचिवालयाला द्यायची, असं ती सूचना सांगते. वेळ मात्र जातो. राज्याच्या अर्जासाठी थेट महाराष्ट्र जीएसटी विभागातल्या वरिष्ठांना लिहा, आणि पुढे "आपले सरकार" पोर्टलवर तक्रार नोंदवा.

केंद्राच्या अर्जासाठी यापुढची पायरी `pgportal.gov.in`, म्हणजे सीपीग्राम्स हे केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिथली तक्रार साधारणपणे २१ दिवसांत निकाली काढायची असते. तक्रार "संबंधितांना कळवले आहे" अशा ओळीवर बंद केली तर ३० दिवसांच्या आत तिथेच अपील करता येतं. अनेक जण ते करतच नाहीत. न्यायालयात चालू असलेलं प्रकरण तिथे घेत नाहीत, हे लक्षात ठेवा.

आणि स्टेटस `Rejected` झालं असेल तर पुढचा रस्ता वेगळा. `REG-05` आदेश उतरवून त्यातलं कारण वाचा. कारण कागदाचं असेल, धूसर स्कॅन किंवा जुनं बिल, तर तो कागद बदलून नवा अर्ज करणं हेच लवकर होतं. कारणच चुकीचं असेल आणि नव्या अर्जावरही तेच येणार असं दिसत असेल, तर आदेश मिळाल्यापासून ३ महिन्यांत कलम १०७ खाली `APL-01` मध्ये अपील करता येतं. सबळ कारण असेल तर अपील प्राधिकारी आणखी एक महिना देऊ शकतो, त्यापुढे नाही.