रीड्सच्या फरकाला विविधता समजू नका: रेअरफॅक्शनमधल्या या चुका टाळा

अ‍ॅम्प्लिकॉनचा डेटा आला, नमुन्यागणिक एएसव्ही मोजल्या, बॉक्सप्लॉट काढला आणि दोन गटांत छान फरक दिसला. निष्कर्ष लिहिण्याआधी प्रत्येक नमुन्याचे एकूण रीड्स शेजारी मांडून बघा.

समजा, खत घातलेल्या मातीच्या नमुन्यांना १२,००० च्या आसपास रीड्स मिळाले आणि बिनखताच्या नमुन्यांना ६०,०००. दोन्हीकडे एक जीवाणू वीस हजारांत एक या प्रमाणात आहे. १२,००० रीड्समध्ये तो एकदा तरी सापडण्याची शक्यता साधारण ४५ टक्के, तर ६०,००० मध्ये ९५ टक्के. मातीत असे दुर्मीळ जीवाणू खंडीभर असतात, त्यामुळे खताने काहीही बिघडवलं नसलं तरी बिनखताची माती ‘समृद्ध’ दिसते. शॅनन निर्देशांकात या दुर्मीळांचं वजन नगण्य असतं. म्हणून एएसव्हींची संख्या दुप्पट आणि शॅनन जवळपास तेवढाच, असं दिसलं की पहिला संशय रीड्सवर घ्यावा.

उपाय म्हणजे रेअरफॅक्शन: सगळे नमुने एकाच खोलीवर, म्हणजे सारख्याच रीड्स-संख्येवर, आणून तुलना करणे:

```r
library(vegan)
sort(rowSums(x))
rarefy(x, sample = 11000)
```

इथे `x` म्हणजे एएसव्हींच्या मोजणीचं टेबल, त्यात नमुने ओळींत हवेत. टेबल उलटं असेल तरी आकडे येतातच, फक्त ते निरर्थक असतात. `rrarefy` एकदाच चालवून तो निकाल पक्का धरणं ही नेहमीची चूक. ती एकच यादृच्छिक उचल असते, seed बदलला की आकडा हलतो. `rarefy` मात्र अपेक्षित संख्या थेट गणिताने काढतं.

खोली ठरवताना सर्वांत लहान नमुन्यामागे फरफटत जाऊ नका. एकाला २,१०० आणि बाकीच्यांना ११,००० च्या वर रीड्स असतील, तर तो एक सोडलेला बरा. गळणारे नमुने एकाच गटातले असतील तर मात्र ते सोडून प्रश्न मिटत नाही. जमल्यास त्यांचं सिक्वेन्सिंग पुन्हा करा. आणि `sample` मोठा असल्याचा इशारा आला तर तो वाचा: कमी पडलेल्या नमुन्यांची मूळ, न बदललेली संख्याच परत दिलेली असते.

राहिला Chao1. तो एकदाच दिसलेल्या एएसव्हींवरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतो. DADA2 नमुने वेगवेगळे हाताळताना नेमक्या याच सिंगलटन एएसव्ही ठेवत नाही. अंदाजाला आधारच उरत नाही, आणि निकालात Chao1 चा आणि प्रत्यक्ष मोजणीचा रकाना तंतोतंत जुळतो. काहीजण मग आधी रेअरफाय करून Chao1 काढतात. तेव्हा सिंगलटन दिसतात खरे, पण त्यांतले बहुतेक आपल्याच उचलीने तयार झालेले असतात. अशा डेटावर Chao1 देऊच नये.