राजीनामा दिला आणि नवीन कंपनीने ऑफर मागे घेतली तर आधी हे करा

सगळ्यात आधी नवीन कंपनीशी भांडत बसू नका, त्याच दिवशी जुन्या कंपनीत मॅनेजर आणि एचआर दोघांना मेल टाका की मी राजीनामा मागे घेतोय. समजा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे आणि ४० व्या दिवशी ऑफर गेली, तर अजून २० दिवस तुम्ही त्यांचेच कर्मचारी आहात, आणि तुमच्या जागी माणूस घेतला नसेल तर बरेच मॅनेजर ठेवून घेतात. पण रिलिव्हिंग लेटर हातात पडल्यावर हे फार अवघड जातं म्हणून एक दिवससुद्धा घालवू नका. नुसतं तोंडी बोलू नका, मेल पाहिजेच.

मग नवीन कंपनीकडे वळा. बहुतेक वेळा ते फोनवरच सांगतात, लेखी काही देत नाहीत, तेव्हा तुम्हीच मेल करा की आज फोनवर तुम्ही ऑफर रद्द झाल्याचं सांगितलंत, कारण लेखी कळवा. ऑफर लेटर, तुमचा स्वीकारल्याचा मेल, राजीनाम्याची तारीख, सगळं पर्सनल मेलवर ठेवा. ऑफर लेटरमधली बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची अट नीट वाचा, कारण कंपन्या तिच्याच आडून हात वर करतात.

कोर्ट सहसा कंपनीला नोकरी द्यायला लावत नाही, पण झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते, त्यामुळे वकिलाची नोटीस पाठवायच्या आधी एकदोन महिन्यांचा पगार मागून बघाच, काही कंपन्या तेवढ्यावर मिटवतात.